चाळीच्या मांडवातील देखावा: गोष्ट, मॉडेल आणि सामानाची यादी

प्रश्न: गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळाला यंदा गणपतीत कथेवर आधारित देखावा करायचा आहे. मांडव २० फूट रुंद, १४ फूट खोल आणि आतून १२ फूट उंच असेल. मूर्ती पाच फुटांची आहे. थर्माकोल नको. विषय कसा निवडायचा, मॉडेल किती मापाचे करायचे आणि सामानाची यादी कशी काढायची?

उत्तर: ही तीन कामे एकामागून एक करायची नसतात. मंडळाच्या बैठकीत विषय ठरतो, कोणीतरी छान चित्र काढून आणतो, आणि सामान मात्र दुकानात उभे राहून आठवेल तसे घेतले जाते. मग शेवटच्या आठवड्यात प्लायवूड उरते आणि कापड कमी पडते. माझे सांगणे असे आहे की विषय जागेवर घासून पाहिल्याशिवाय पक्का करू नये, आणि सामानाची यादी डोक्यातून न काढता मॉडेलमधून मोजून काढावी. तुमची मापे घेऊनच हे सविस्तर सांगतो.

प्रथम खोली वाटून घ्या. चौदा फुटांपैकी पाच फूट दर्शनाच्या रांगेला लागतील, दोन फूट मागच्या बाजूला वायरमन आणि कार्यकर्त्यांना ये-जा करण्यासाठी मोकळे ठेवावेच लागतील. म्हणजे देखाव्याला २० फूट रुंद आणि सात फूट खोल एवढीच पट्टी उरते. मागचे दोन फूट वाचवून देखावा वाढवण्याचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. पण रात्री अकरा वाजता दिवा गेला आणि मागे शिरायला वाट नसली की मूर्तीशेजारून, सजावट तुडवत जावे लागते.

आता विषय. रांगेतला माणूस ही वीस फुटांची पट्टी चालत ओलांडतो, आणि गर्दीच्या वेळी त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा फारसा वेळ मिळत नाही, कारण त्याची नजर मुख्यतः मूर्तीकडे असते आणि मागून कार्यकर्ते ‘पुढे चला’ म्हणत असतात. एवढ्या वेळात तीनपेक्षा जास्त प्रसंग डोक्यात शिरत नाहीत. शिवाय मधला प्रसंग मूर्तीचा असतो, म्हणजे तुमच्या हाती खरे तर दोनच प्रसंग आहेत, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा, आणि या दोहोंमध्ये काहीतरी बदलले पाहिजे. हीच विषयाची कसोटी. ‘पाणी वाचवा’ ही घोषणा आहे, तिच्यात काही घडत नाही. ‘मुंबईच्या पाण्याचा इतिहास’ हा विषय चांगला वाटतो, पण त्यात विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा अशी धरणांची रांग लागते, सगळी धरणे लांबून सारखीच दिसतात, आणि शेवटी देखावा फलकांच्या भरवशावर उभा राहतो. जो देखावा वाचावा लागतो तो रांगेत कोणी वाचत नाही.

याच विषयातून तुमच्या वस्तीची गोष्ट मात्र निघते. गिरगावाच्या आजूबाजूला धोबीतलाव आहे, सी. पी. टँक आहे, गोवालिया टँक आहे. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि तळे एकाही ठिकाणी नाही. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले, १८९२ मध्ये तानसाचे आले, आणि हळूहळू तळ्यांची गरज संपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांच्या भीतीने विहिरी बुजवण्याचाही आग्रह सुरू झाला. गोवालिया टँकच्या जागी तर मैदान झाले, आणि ते आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते. याउलट वाळकेश्वरचे बाणगंगा तळे अजून पायऱ्यांसह शाबूत आहे, आणि त्याला स्वतःची आख्यायिकाही आहे: सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली तेव्हा लक्ष्मणाने जमिनीत बाण मारला आणि पाणी वर आले. (एका पाठानुसार बाण रामानेच मारला. चाळीतले जाणते लोक यावर वाद घालतीलच, तेव्हा आपला पाठ आधी ठरवून ठेवा.)

म्हणजे गोष्ट अशी मांडता येते: डावीकडे बाण आणि उसळलेले पाणी; मध्ये तळ्याच्या पायऱ्या आणि त्यांवर विराजमान गणपती; उजवीकडे चाळीचा कठडा, एक नळ आणि त्यापुढे लागलेली भांड्यांची रांग. एका वाक्यात सांगायचे तर, जमिनीतून आलेले पाणी नळात गेले आणि तळी फक्त नावात उरली. डावे आणि उजवे चित्र पाहून दहा वर्षांच्या मुलाला हे कळले पाहिजे. न कळल्यास विषय बदला, फलक वाढवू नका. धोबीतलाव, सी. पी. टँक आणि गोवालिया टँक ही तीन नावे मात्र उजव्या बाजूच्या भिंतीवर जुन्या पाटीसारखी लिहा. अक्षरे किमान अडीच-तीन इंचांची असावीत, आणि ती मॉडेलवर न तपासता कागदावर खऱ्या मापात लिहून, भिंतीला चिकटवून, नऊ-दहा फुटांवरून चालत जाताना वाचून पाहावीत.

आता मॉडेल. तुमच्यासाठी एक इंच म्हणजे एक फूट हेच प्रमाण योग्य आहे. यापेक्षा लहान प्रमाणात, म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट धरल्यास, पायऱ्या आणि कठडे नखाएवढे होतात आणि चुका दिसत नाहीत. मोठे केल्यास मॉडेल बैठकीच्या टेबलावर मावत नाही. एका इंचाच्या प्रमाणात तुमचा अख्खा मांडव २० बाय १४ इंचांच्या फळीवर बसतो. दुसरा आणि मोठा फायदा असा की बाजारात मिळणारी प्लायवूडची शीट ८ बाय ४ फुटांची असते, त्यामुळे ग्रे बोर्डाचे ८ बाय ४ इंचांचे पत्ते कापून ठेवले की प्रत्येक पत्ता ही एक शीट होते. मॉडेल फक्त या पत्त्यांतूनच कापायचे, हा नियम पाळा. किती पत्ते संपले ते मोजले की किती शीट आणायच्या ते कळते, आणि कोणता सांधा नजरेच्या मध्यभागी येतो तेही तिथेच दिसते.

फळीवर मांडवाचे खांब उभे करा, पुढे रांगेची पाच इंचांची पट्टी आखा, आणि त्या पट्टीत दोन पुठ्ठ्याची माणसे उभी करा: एक साडेपाच इंचांचे, एक चार इंचांचे. मूर्तीसाठी पाच इंच उंच आणि पाटासकट जेवढी रुंद असेल तेवढा ठोकळा घ्या. पाटाचे माप आणि मूर्तीचे वजन मूर्तिकाराला विचारून लिहून ठेवा, कारण चौथरा त्यावरच ठरतो. मग मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग खाली टेबलाजवळ येते, आणि पुठ्ठ्याच्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून रांगेच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी असे तीन फोटो काढा. वरून पाहिलेले मॉडेल सगळ्यांनाच सुंदर दिसते. देखावा तसा कोणीच पाहणार नसतो.

या फोटोंतून काय उघडे पडते त्याचे तुमच्याच मापांचे उदाहरण देतो. चौथरा अडीच फूट उंच धरला तर मूर्तीचा मुकुट साडेसात फुटांवर येतो. मागे आठ फुटी शीट उभ्या लावल्या तर भिंत मूर्तीपेक्षा अर्धा फूट उंच राहील आणि तेवढे पुरेल असे कागदावर वाटते. पण रांगेच्या कठड्यामागे उभ्या असलेल्या, पाच फुटांवर डोळे असलेल्या माणसापासून मुकुट सुमारे पाच फूट लांब आहे आणि मागची भिंत त्याहून तीन फूट पलीकडे आहे. त्याची नजर वर चढत जाते, आणि मुकुटाच्या टोकावरून ती मागे नऊ फुटांच्या उंचीवर जाऊन आदळते. मुलाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात, त्यामुळे त्याची नजर जवळजवळ दहा फुटांवर जाते. म्हणजे आठ फुटांची भिंत बांधली तर प्रत्येकाला बाप्पाच्या मुकुटामागे मांडवाचे बांबू आणि लोंबणाऱ्या वायरी दिसणार, आणि प्रत्येक फोटोत त्या येणार.

उपाय म्हणून भिंत दहा-अकरा फूट उंच करू नका. तसे केल्यास आठच्या वर दोन-तीन फुटांचे तुकडे जोडावे लागतात, सांधे दिसतात आणि वजनही वरच्या बाजूला वाढते. त्याऐवजी मधल्या १२ फुटांच्या रुंदीत भिंत काढूनच टाका आणि मांडवाच्या छतापासून खालपर्यंत कापडाचा पडदा सोडा, वर फिकट आणि खाली गर्द निळा रंगवलेला. त्यापुढे तळ्याच्या पायऱ्या चांगल्या उठून दिसतात. उरले दोन्ही बाजूंचे चार-चार फूट. तिथे प्रत्येक बाजूला ८ बाय ४ च्या दोन चौकटी, एक मागे आणि एक तिला जोडून पुढे वळवलेली, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारख्या उभ्या करा. अशा कोनात त्या पाठीमागच्या थोड्या आधाराने स्थिर राहतात, आणि रांगेत शिरणाऱ्याला आधी उजवीकडची चाळ व पुढे गेल्यावर वळून डावीकडचा झरा नीट दिसतो.

मॉडेलवरच विसर्जनही करून पाहा. मूर्तीचा ठोकळा चौथऱ्यावरून उचलून पायऱ्यांवरून, रांगेच्या वाटेने, चाळीच्या बोळातून बाहेर काढा. बोळाची रुंदी आणि कमानीची उंची मोजून पुठ्ठ्याने तिथे दाखवा. समोरच्या पायऱ्या दोन मिनिटांत सुटणाऱ्या हव्यात हे त्या वेळी लक्षात येते, आणि मग त्यांना खिळ्यांऐवजी बोल्ट लावायचे हेही यादीत जाते. मॉडेलला दोन गोष्टी मात्र सांगता येत नाहीत: वजन पेलेल का आणि वाऱ्या-पावसात उभे राहील का. चौथरा आणि मांडवाचा सांगाडा मांडववाल्याकडून करून घ्यावा, आणि महापालिका, वाहतूक पोलीस व अग्निशमन दलाच्या त्या वर्षीच्या अटी मॉडेल करण्याआधी वाचून घ्याव्यात, कारण उंचीची अट नंतर कळली तर सगळीच मापे फिरतात.

आता मॉडेल मोडून यादी काढू. पत्ते मोजा. चौथरा सहा बाय चार फुटांचा ठेवला तर त्याचा वरचा भाग १८ मिमी प्लायच्या एका शीटमधून निघतो आणि चार बाय दोनचा तुकडा उरतो. तो पूजेच्या साहित्याच्या ओट्याला घ्या. पाटाला पाच फूट खोली लागत असेल तर दुसरी शीट लागेल आणि सांधा मूर्तीखाली येईल, तेव्हा सांध्याखाली आडवी लाकडी पट्टी हवीच. चाळीच्या दोन चौकटींना कठडा आणि नळ ठोकायचा असल्याने ६ मिमी प्लायच्या दोन शीट. धनुष्य ताणलेल्या लक्ष्मणाच्या कटआऊटसाठी आणखी एक. एकूण चार शीट. वीस फूट रुंद, दहा फूट उंच भिंतच बांधली असती तर तिलाच सात शीट लागल्या असत्या.

प्रत्येक चौकटीला दोन बाय एक इंचाच्या लाकडी रिपा लागतात: दोन उभ्या आठ फुटी, आणि चार आडव्या चार फुटी. म्हणजे आठ फुटी चार रिपा एका चौकटीला, चार चौकटींना सोळा, आणि फुटतूट धरून अठरा. रिपा सरळ आहेत ना हे वखारीतच एका टोकाकडून डोळा लावून पाहून घ्या. पावसाळ्यात ओल्या रिपा मिळतात आणि आठवड्याभरात पीळ घेतात. मधल्या पडद्याला चार फूट पन्ह्याचे मांजरपाट घेतले तर तीन पट्टे लागतात. बारा फूट उंचीला शिवण आणि आटणे धरून साडेतेरा फूट, तिप्पट म्हणजे सुमारे साडेचाळीस फूट, म्हणून १३ मीटर घ्या. शिवणीत रुंदी दोन-चार इंच कमी होईल, ती बाजूच्या चौकटींच्या कडांमागे झाकली जाते.

डावीकडचे खडक थर्माकोलशिवाय कसे करावेत हा तुमचा खरा प्रश्न असणार. २०१८ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेनंतर सजावटीतले थर्माकोल बंद झाले आणि अनेक मंडळे फोमकडे वळली. आगीच्या दृष्टीने फोम मुळीच बरा नाही, तेव्हा तो यादीत घेऊ नका. त्याऐवजी त्या दोन चौकटींवर पाच पदरी पुठ्ठा बसवा, त्यावर कोंबडीजाळी हाताने चुरगाळून खडकाचा उठाव द्या, आणि जाळीवर क्राफ्ट पेपरचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून तीन थरांत चिकटवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातल्यास किडे आणि झुरळे लागत नाहीत, पण मोरचूद विषारी असल्याने हातमोजे घाला आणि खळीचे भांडे मुलांपासून व चाळीतल्या मांजरांपासून दूर ठेवा. कागदाचा लगदा फक्त कडांना आणि भेगांना वापरा, एका वेळी पाव इंचापेक्षा जाड नको. श्रावणातल्या हवेत त्याचा एकेक थर पंख्याखालीही दोन-तीन दिवस घेतो. वरून वाळलेला लगदा आत ओला असतो. गालाला लावून पाहा, गार लागला तर ओला आहे. तसाच रंगवला तर चार-पाच दिवसांत, म्हणजे साधारण गौरी-विसर्जनाच्या सुमारास, काळ्या बुरशीचे ठिपके रंगातून वर येतात.

झऱ्यात खरे पाणी सोडू नका. पंप, टाकी आणि वायरी एकाच कोपऱ्यात येतात, गळती पहिल्याच दिवशी सुरू होते आणि पुठ्ठा फुगतो. निळ्या-पांढऱ्या मलमलीच्या अरुंद पट्ट्या वरून सोडून त्यांवर बाजूने एलईडी दिव्याचा झोत टाका. तेवढ्याने हालचालीचा भास होतो. उजवीकडे याउलट सगळे खरे ठेवा. चाळीतल्या जुन्या घरांतून हंडे, कळश्या, पितळी बादल्या, एखादे पिंप मागून आणा. ज्यांवर नावे कोरलेली आहेत ती भांडी पुढे मांडा. रांगेतल्या आजी आपल्या सासूचे नाव वाचून थांबतील, तेव्हा त्या टोकाला कार्यकर्ता उभा करावा लागेल हे गृहीत धरा. तिथे माणसांची चित्रे किंवा पुतळे नकोत. हौशी हातांनी केलेले चेहरे जवळून बिघडलेले दिसतात, आणि इथे प्रेक्षक फारच जवळ आहे.

कापड आणि मलमल लावण्याआधी आगरोधक करा. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची, कापड त्यात पूर्ण भिजवायचे, पिळायचे नाही, निथळून सावलीत वाळवायचे आणि मग रंगवायचे. तेरा मीटरला पाच लिटर द्रावण पुरते, म्हणजे यादीत अर्धा किलो टाकणखार आणि पाव किलो बोरिक. हातमोजे इथेही हवेत. खरी परीक्षा रंगवलेल्या कापडाच्या एका पट्टीवर, उघड्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवून करायची. पट्टी चिमट्यात उभी धरून खालच्या टोकाला बारा सेकंद ज्योत लावा. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत ती आपोआप विझली पाहिजे. जळत राहिली तर सगळे कापड पुन्हा भिजवायचे. पावसाचे पाणी लागले तर ही मीठे धुऊन जातात, म्हणून पडद्यावर छत गळत नाही ना ते आधी पाहा. हा उपाय केला म्हणून समई पडद्याजवळ आणायची नाही. समई, निरांजन आणि धूप यांची जागा पडद्यापासून किमान तीन फूट पुढे, मॉडेलवरच खूण करून ठरवा. तैलरंग अजिबात नकोत, डिस्टेंपर पुरेसा आहे.

यादी लिहिताना मॉडेलच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकापुढे चार गोष्टी लिहा: माप, वस्तू, ती विकत, भाड्याने की मागून आणायची, आणि कोण आणणार. बांबू, काथ्या, चौथऱ्याचा सांगाडा मांडववाल्याकडे. वायरिंग आणि दिवे परवानाधारक वायरमनकडे, त्याची यादी त्यानेच द्यावी. कापड मंगळदास मार्केटमध्ये, कागद आणि पुठ्ठा अब्दुल रहमान स्ट्रीटवर, दिव्यांचे सामान लोहार चाळीत, लाकूड रे रोडच्या वखारींत मिळते, आणि गिरगावातून यांपैकी काहीच फार लांब नाही. खरेदीचा क्रम मात्र वाळण्याच्या वेळेनुसार लावा: आधी रिपा, पुठ्ठा, जाळी आणि क्राफ्ट पेपर, मग कापड आणि टाकणखार, त्यानंतर प्लायवूड. रंग सगळ्यांत शेवटी आणा, आणि निळ्याच्या दोन छटा पडद्याच्या तुकड्यावर लावून, मांडवात जे दिवे लागणार आहेत त्यांच्याच उजेडात पाहिल्याशिवाय मोठा डबा उघडू नका.